कच्च्या नळ्या तळायच्या तर तेल किती तापवायचं?

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. पुण्यात नोकरी लागली आहे, तिघी मैत्रिणींनी मिळून फ्लॅट घेतला आहे, कढई नवी, झारा नवा. "मावशी, या नळ्या फुलतच नाहीत गं. पाकिटावरच्या चित्रात केवढ्या दिसतात, आणि माझ्या कढईत नुसत्या तपकिरी होऊन बसतात. पाकीट जुनं निघालं का?"

मी विचारलं, तेल किती तापलं होतं?

"गरम झालं होतं की! जास्त तापवायची भीती वाटते, म्हणून हात वर धरून बघितला आणि टाकल्या."

पाकीट चांगलंच होतं. पुढच्या रविवारी मी तिच्याकडे गेले, तेव्हा त्याच पाकिटातल्या उरलेल्या नळ्या आम्ही तळल्या आणि एकूण एक फुलल्या. बदललं होतं ते फक्त तेलाचं तापमान. जिनं किंवा ज्यानं अजून एकदाही तळण केलेलं नाही, त्यांच्यासाठी त्या दिवशीची सगळी रीत इथे लिहिते आहे.

पाकिटात नेमकं काय असतं

कुणी नळ्या म्हणतं, कुणी बॉबी, कुणी पोंगे, दुकानात फ्रायम्स म्हटलं तरी कळतं. आकार नळीचा, चाकाचा, चौकटीच्या जाळीचा, काहीही असो, माल एकाच जातीचा. गव्हाचा मैदा, तांदळाचं पीठ, साबुदाण्याचा किंवा बटाट्याचा स्टार्च यांपैकी एक-दोन गोष्टी, मीठ आणि पाणी. हे पीठ कारखान्यात आधी शिजवलेलं असतं. मग साच्यातून दाबून काढतात, कापतात आणि वाळवतात.

घरी कुरडया करताना पाहिलं असेल, तर हे लगेच ओळखीचं वाटेल. गहू भिजवायचे, वाटून चीक काढायचा, तो शिजवायचा, सोऱ्यातून घालायचा आणि कडक उन्हात वाळवायचा. नळी म्हणजे यंत्रावर झालेली कुरडईच. शिजवणं ही यातली महत्त्वाची पायरी आहे. कच्च्या पिठाची नळी वळून नुसती वाळवली आणि तेलात टाकली, तर ती शंकरपाळ्यासारखी तळली जाईल, पण चौपट फुगणार नाही. आधी शिजून स्टार्चचे कण फुटलेले, एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणूनच नळीचं अंग एकसंध आणि काचेसारखं होतं. एक कच्ची नळी उजेडासमोर धरून बघा, कडेला किंचित पारदर्शक दिसते. बोटांनी मोडली तर कट्कन तुटते, वाकत नाही.

आणि इतकी खडखडीत वाळलेली दिसली, तरी तिच्यात पाणी असतं. वजनाच्या साधारण दहा-बारा टक्के. फुलण्याचं सगळं काम हेच पाणी करतं.

पाच सेकंदांत काय घडतं

चिक्की आठवा. पाक गरम असताना ती लाटता येते, वाकवता येते, गार झाली की टणक होते आणि तुटते. पदार्थ तोच, तापमान वेगळं. कच्च्या नळीतला स्टार्च गार असताना असाच टणक असतो. तेलात पडल्याबरोबर तो तापतो आणि क्षणभर रबरासारखा मऊ होतो. त्याच वेळी त्याच्या अंगात भिनलेल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती मूळच्या सुमारे सोळाशे-सतराशे पट जागा मागते. भिंत मऊ आहे, आतून वाफ ढकलते आहे, म्हणून नळीच्या अंगात हजारो बारीक फुगे होतात आणि ती सगळीकडून ताणली जाते. वाफ निघून गेली की स्टार्च कोरडा पडतो, आणि कोरडा स्टार्च गरम तेलातसुद्धा पुन्हा कडक होतो. फुगलेला आकार तसाच राहतो. आपण दाताखाली जो कुर्रर्र आवाज ऐकतो, तो या बारीक फुग्यांच्या पातळ भिंती मोडल्याचा असतो.

माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वीस कच्च्या नळ्या दहा ग्रॅम भरल्या. म्हणजे वीस नळ्यांत मिळून पाणी जेमतेम एक ग्रॅम, चमच्याच्या टोकावर मावेल एवढं. पण त्याची वाफ होते दीड लिटरहून जास्त. त्यातली थोडीच नळीला फुगवते, बाकीची तेलातून बाहेर पडते. कढईत जो फसफसणारा फेस दिसतो, तो त्या वाफेचा.

आता भाचीची गोम इथे होती. स्टार्च मऊ होणं आणि वाफ जोरात धरणं, या दोन गोष्टी एकाच वेळी व्हाव्या लागतात. तेल कमी तापलेलं असलं की पाणी हळूहळू, थोडं थोडं करून पृष्ठभागावरून निसटून जातं. जोर धरायला वाफ एका वेळी पुरेशी जमतच नाही. पाणी गेलं की स्टार्च कोरडा आणि टणक, मग नंतर तेल कितीही तापवा, ती नळी फुलायची नाही. म्हणून अर्धवट राहिलेल्या नळ्या पुन्हा तळून काही उपयोग होत नसतो, तिथल्या तिथे बाजूला काढाव्यात.

चुरमुरे फुटतात तेही याच कारणानं. भडभुंजा वाळू लाल तापवतो ती उगाच नाही. शिजवून वाळवलेल्या तांदळाला चारही बाजूंनी एकदम उष्णता मिळावी लागते. नळीला ती तेलातून मिळते.

तयारी

कढई जाड बुडाची आणि खोलगट घ्या. पसरट तव्यासारख्या भांड्यात तेल उथळ राहतं, नळी बुडत नाही आणि एकाच बाजूनं फुलते. तेल किमान दोन इंच खोल हवं. मध्यम कढईत त्याला अर्धा लिटर लागतं. एवढं तेल बघून नवख्या माणसाचा जीव दडपतो, पण तेल पुरेसं असलं तर नळ्या कमी तेल पितात. यामागचं कारण पुढे येईल.

तेल रिफाइंड शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं किंवा सोयाबीनचं, घरात जे असेल ते. घाण्याचं तेल मला जेवणात फार आवडतं, पण या कामाला मी ते घेत नाही. ते लवकर धूर धरतं, आणि नळ्यांना लागतं त्या तापमानाला त्याचा जळका वास यायला सुरुवात होते.

कढई आणि झारा कोरडा ठणठणीत पुसून घ्या. पाण्याचा एक थेंब तेलात पडला तरी उडतो. शेजारी एक मोठी चाळणी आणि तिच्याखाली ताट ठेवा. नळ्या तळायला लागलात की चाळणी शोधायला वेळ मिळणार नाही. आणि खिडकी उघडी असली तर पाकीट आधीच सगळं ओतून ठेवू नका, लागतील तेवढ्याच नळ्या वाटीत काढा.

तेल तापवणं

हवं असलेलं तापमान १८० ते २०० अंश सेल्सिअस. मी १९० धरते. ज्यांच्याकडे तळणाचा थर्मामीटर आहे, त्यांचं काम सोपं आहे. नसेल तर कच्ची नळी हाच थर्मामीटर.

गॅस मध्यम ठेवा आणि अर्धा लिटर तेलाला सहा-सात मिनिटं द्या. मोठ्या आचेवर तळाचं तेल तापतं आणि वरचं मागे राहतं, मग अंदाज चुकतो. झाऱ्यानं एकदा अलगद ढवळा. तेलाच्या पृष्ठभागावर बारीक लहरी हलताना दिसायला लागल्या की एकच नळी कढईच्या कडेनं आत सोडा आणि मनात आकडे मोजा. एक, दोन, तीन. नळी तळाशी जाते, तिच्याभोवती एकदम फेस उठतो आणि तीनच्या आत ती फुगत फुगत वर आली पाहिजे. पाच-सहा सेकंदांत तिचा आकार पूर्ण होतो. असं झालं तर तेल तयार आहे.

त्या रविवारी भाचीला पटावं म्हणून आम्ही थर्मामीटर लावून चार वेगवेगळ्या तापमानांना एकेक नळी सोडली. १४० अंशांना टाकलेली नळी तळाशीच पडून राहिली. तिच्या अंगावरून बारीक बुडबुड्यांची एक माळ निघत होती, बस्स. वीस सेकंदांनी ती किंचित सुजली, अर्धा मिनिटानं तपकिरी व्हायला लागली. बाहेर काढून चावली तर दगड. "अशाच झाल्या होत्या माझ्या," ती म्हणाली. १६५ अंशांना नळी पाच सेकंदांनी वर आली, फुलली, पण पूर्ण नाही. मधून मोडून पाहिली तर भिंतीच्या आतल्या भागात एक पिवळी, दाट रेघ राहिली होती, आणि टिश्यू पेपरवर ठेवल्यावर तेलाचा मोठा डाग पडला. १९० ला ती दोन सेकंदांत उसळून वर आली, भरभर वाढली, फेस ओसरला आणि मोडल्यावर भिंत सगळीकडे सारखी, पांढरट, स्पंजासारखी दिसली. शेवटी २२० ला सोडली. तीही लगेच फुलली, पण फुलता फुलता कडा तांबूस झाल्या आणि झारा पोचेपर्यंत एका बाजूला तपकिरी डाग आला. चवीला कडवट.

या चार नळ्या तिनं एका ताटलीत ओळीनं मांडल्या आणि मैत्रिणींना दाखवायला ठेवून दिल्या. तुम्हालाही पहिल्या दिवशी चार नळ्या अशा खर्चायला हरकत नाही. नळी मोडून आतली भिंत बघायची सवय लागली की थर्मामीटरशिवाय काम चालतं.

तेलातून धूर दिसायला लागला तर नळी टाकून बघू नका. गॅस बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग पुन्हा मध्यम आचेवर एक नळी सोडून पाहा. तापलेलं तेल उतरवायला त्यात गार तेल ओतायचा मोह होतो, त्यापेक्षा थांबलेलं बरं.

तळणं

तेल तयार झालं की एका वेळी दहा-बारा नळ्या सोडा, जास्त नाही. बहुतेकांचं इथेच बिघडतं. पहिली नळी सुंदर फुलते, मग उत्साहानं मूठभर टाकल्या जातात आणि सगळ्या अर्धवट राहतात. प्रत्येक नळीला तापायला आणि तिच्यातल्या पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती तेलातूनच जाते. पाव लिटर तेलात चाळीसेक ग्रॅमची मूठ एकदम टाकली, तर तेल तीस-चाळीस अंशांनी सहज उतरतं. म्हणजे १९० वरून थेट १५० वर. पुन्हा ताटलीतली पहिली नळी! अर्धा लिटर तेलात दहा-बारा नळ्या टाकल्या तर ते फार तर तीन-चार अंश उतरतं, आणि गॅस तेवढं लगेच भरून काढतो. तेल भरपूर घ्या म्हटलं ते यासाठी. कमी तेल घेतलं की ते पटकन उतरतं, उतरलेल्या तेलात नळी जास्त वेळ राहते आणि जास्त तेल पिते.

जागेचाही प्रश्न आहेच. प्रत्येक नळी कितीतरी पट मोठी होणार आहे. खेटून पडल्या तर एकमेकींना दाबतात आणि वाकड्या होतात.

सोडताना वरून टाकू नका, तेल उडतं. झाऱ्यावर घेऊन झारा तेलाला टेकवा आणि अलगद तिरपा करा. वर आल्या की झाऱ्याच्या पाठीनं एकदा हलकेच आत दाबा, म्हणजे वरची बाजूही तेलात जाते. नाहीतर पाठ फुललेली आणि पोट सपाट अशा नळ्या निघतात. नजर फेसावर ठेवा. सुरुवातीला चरचर मोठी असते, फेस दाट असतो. नळी पूर्ण वाढली आणि फेस एकदम विरळ झाला की आतलं पाणी संपलं. तोच बाहेर काढण्याचा क्षण. त्यानंतरचं प्रत्येक सेकंद फक्त रंग चढवतं. मोबाइल हातात घेऊन हे काम होत नाही, एक घाणा टाकल्यापासून काढेपर्यंत सात-आठ सेकंद असतात.

काढताना नळीच्या बाबतीत एक खास काळजी घ्यावी लागते. ती पोकळ असते आणि आतल्या भोकात गरम तेल भरून राहतं. झाऱ्यात घेतल्यावर कढईवरच दोन-तीनदा हलवा, तेल गळू द्या, मग चाळणीत शक्य तितक्या उभ्या ठेवा. लहान मुलं नळ्या दहा बोटांत घालून खातात, ते बघायला गोड वाटतं, पण कढईतून काढल्या काढल्या ती त्यांच्या हातात देऊ नका. बाहेरून गार लागली तरी आतलं तेल पोळतं. पाच मिनिटं जाऊ द्यावीत.

पुढचा घाणा टाकण्याआधी पुन्हा एक नळी सोडून बघा. तीन आकड्यांच्या आत वर आली तर टाका, नाहीतर अर्धं मिनिट थांबा. तीन-चार घाणे झाले की तेल उलट जास्त तापायला लागतं, कारण मधल्या वेळात गॅस चालूच असतो. नळी सोडल्याबरोबर रंग बदलायला लागला तर आच बारीक करा.

मीठ वरून घालू नका, ते पिठातच असतं. चाट मसाला किंवा तिखट भुरभुरवायचं असेल तर आधी एक नळी चाखून बघा, आणि मसाला नळ्या गरम असतानाच घाला, गार झाल्यावर तो चिकटत नाही.

तेल बरोबर असूनही फुलल्या नाहीत तर

मग दोष नळीतल्या पाण्याचा असतो. पावसाळ्यात उघडं राहिलेलं पाकीट दमट होतं. अशी नळी मोडताना कट्कन आवाज येत नाही, ती आधी जराशी वाकते. तळली तर तेल जास्त उडतं, अंगावर मोठे फोड येतात आणि गार झाल्यावर चिवट लागते. अशा नळ्या ताटात पसरून तास-दोन तास उन्हात ठेवा, ऊन नसेल तर पंख्याखाली निम्मा दिवस. मोडल्यावर आवाज यायला लागला की तळा.

याच्या उलटही होतं, आणि ते लोकांना खरं वाटत नाही. खूप दिवस उन्हात राहिलेली किंवा गॅसशेजारच्या गरम फडताळात ठेवलेली नळी फार वाळते. वाफ व्हायला पाणीच उरत नाही, मग १९० अंशांनाही ती थोडकीच फुलते. म्हणून चांगल्या, सीलबंद पाकिटातल्या नळ्यांना ऊन दाखवू नये. पाकीट फोडून सरळ कढईत, हेच बरोबर.

जाड चाकं, जाळ्या किंवा घरच्या कुरडया याच रीतीनं तळाव्यात, फक्त त्यांना दोन-चार सेकंद जास्त द्यावी लागतात, आणि तेल १९० च्या वर नेऊ नये. जाड अंगाला आतपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो, तोवर फार तापलेल्या तेलात बाहेरचा रंग पुढे जातो.

तेल नको असेल तर मायक्रोवेव्हमध्येही नळ्या फुलतात, कारण तिथे आतलं पाणीच थेट तापतं. काचेच्या ताटलीत आठ-दहा नळ्या सुट्या पसरून पूर्ण शक्तीवर तीस-चाळीस सेकंद लावा आणि काचेतून बघत राहा. कुरकुरीत होतात, पण खमंगपणा येत नाही, आणि कुठे कुठे टणक ठिपका राहतो.

तळल्यानंतर

गरम नळ्या डब्यात झाकू नका. त्यांची वाफ झाकणाला धरते आणि त्याच पाण्यानं त्या सादळतात. पूर्ण गार झाल्या की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्याच्या दिवसांत उघड्या ताटलीतल्या नळ्या अर्ध्या-पाऊण तासात मऊ पडतात, तेव्हा पाहुणे बसल्यावरच शेवटचा घाणा काढावा. सादळलेल्या नळ्या पुन्हा तेलात टाकू नका, नुसतं तेल पितात. कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं परतल्या तर बऱ्यापैकी कुरकुरीत होतात.

कढईतलं तेल गार झालं की बारीक गाळणीनं गाळून घ्या. तळाशी नळ्यांचे जे तुकडे, चुरा राहतो, तो पुढच्या वेळी सगळ्यात आधी जळतो आणि तेल काळं करतो. गाळलेलं तेल दोन-चार दिवसांत फोडणीला वापरून टाका. आणि पाकिटातल्या उरलेल्या कच्च्या नळ्या पाकिटाचं तोंड दुमडून तशाच ठेवू नका, बरणीत भरा. भाचीनं त्या दिवशी उरलेल्या नळ्या रिकाम्या कॉफीच्या बरणीत भरल्या, आणि झाकणावर कागद चिकटवून त्यावर लिहिलं, "आधी एक टाकून तीनपर्यंत मोज."